डावीकडून तिसरा कोण?

मे महिन्यात मराठवाड्यातल्या वाड्याच्या अंगणात दोन गोष्टी वाळत पडलेल्या दिसतात. एक कुरडया आणि दुसरे पुण्या-मुंबईचे पाहुणे. कुरडया दोन कडक उन्हांत वाळून डब्यात जातात. पाहुणे आठवडाभर तसेच राहतात आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्यापैकी कुणीतरी ओरडतं, "अरे, सगळ्यांचा एक फोटो राहिला की!"

फोटो निघतो. त्याचं काही नाही, हल्ली फोटो न काढता राहणं हेच अवघड झालंय. खरा घोळ सुरू होतो तो 'खाली काय लिहायचं?' या प्रश्नापासून. आमच्याकडे हा प्रश्न दिवेलागणीला निघाला आणि दुसऱ्या दिवशी आमरसाच्या वाट्या विसळून झाल्या तरी सुटला नव्हता. भावकीच्या वाटण्या याहून लवकर झाल्या होत्या.

गाव गंगापूर तालुक्यातलं, गंगथडीचं. नकाशावाले जिला गोदावरी म्हणतात तिला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. मागे एका लेखात दिलं होतं, तर थंडीत हुरड्याला इतके वाचक आले की पाखरांना काही उरलं नाही.

वाडा म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. दगडी जोतं, मातीच्या भिंती, आत शिरलं की ढाळज आणि डोक्यावर माळवद. तुळयांवर लाकडं अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला की माळवद होतं. उजेडासाठी त्यात सवणं ठेवलेलं असतं आणि पाऊस आला की ते झाकायला एखादं पोर वर पळतं. दरवर्षी मृगाआधी वर ताजी पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर आषाढात घरभर पातेली मांडत फिरायची पाळी येते. म्हणून मे महिन्यात आमच्या अंगणाच्या मधोमध पांढऱ्या मातीचा ढीग असतो. फोटोतली मागची रांग त्या ढिगावर उभी आहे. आमच्या घराण्यात एवढी उंची कुणालाही नाही, हे सोयरीक जुळवण्यासाठी फोटो पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

दुपारी फोटो काढायचा प्रश्नच नव्हता. मेमधल्या बारा वाजता सूर्य असा डोक्यावर येतो की भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि सालस माणसंही दरोड्याच्या बैठकीला जमल्यासारखी दिसतात. साडेसहापर्यंत थांबलो. थोरले काका बाजेवर, त्यांच्या शेजारी नगरची आत्या, खाली सतरंजीवर पोरं, मागे ढिगावर आम्ही चुलत, आते, मामे असे सगळे. तरीही फ्रेममध्ये माणसं मावेनात. तेव्हा पुतण्या म्हणाला, "पॅनोरमा काढतो. हलू नका."

पॅनोरमात फोन डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवतात आणि फोन पट्टी पट्टी जोडून एक लांब चित्र करतो. म्हणजे डावीकडचा माणूस आधी टिपला जातो आणि उजवीकडचा काही सेकंदांनी. आत्याच्या नातवाने हे कुठूनतरी हेरून ठेवलं होतं. डाव्या टोकाला दात काढून झाले की तो वाकून सगळ्यांच्या मागून पळाला आणि फोन पोचायच्या आत उजव्या टोकाला पुन्हा दात काढून उभा राहिला. ही युक्ती काही त्याने शोधलेली नाही. पूर्वी शाळांचे लांबलचक ग्रुप फोटो फिरत्या कॅमेऱ्याने काढत, तेव्हाची पोरंही हेच करायची. पण आम्हाला ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते माणसं मोजताना. फोटोत २३ डोकी होती आणि फोटो काढणाऱ्या पुतण्याचं सोडून स्वयंपाकघरात पानं मांडली होती २२.

आता खाली लिहायचं काय? पुण्याच्या वहिनींनी सुचवलं, "समर व्हाइब्स, मागे दोन आंबे." भाचीने सुचवलं, "कझिन्स म्हणजे देवाने दिलेले पहिले मित्र." हे वाक्य ऐकून धाकट्या काकांनी फक्त थोरल्या काकांकडे पाहिलं. बांधावरच्या लिंबावरून दोघांत तीन वर्षं बोलणं नव्हतं, ते याच उन्हाळ्यात सुरू झालंय. थोरल्या काकांनी स्वतः सांगितलेला मजकूर लग्नपत्रिकेच्या वळणाने गेला. "श्री कुलस्वामिनी कृपेने" इथून निघून तो "समस्त भावकी व आप्तेष्ट" इथपर्यंत आला, पण कोण, कुठे, कधी यांतलं काहीच त्यात आलं नाही. वहिनींच्या व्हाइब्समध्येही ते नव्हतं. या ओळी कुणाच्याही फोटोखाली चालतील. गोव्याच्या फोटोखालीसुद्धा चालतील, फक्त बाज काढावी लागेल.

मी म्हटलं, सरळ वर्तमानपत्रासारखं लिहू. 'डावीकडून' म्हणायचं आणि नावं द्यायची.

"माझ्या डावीकडून का तुझ्या?" आत्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. बाजेवर बसलेल्याचा डावा हात फोटो बघणाऱ्याला उजवीकडे दिसतो. वर्तमानपत्रातली डावी बाजू ही नेहमी बघणाऱ्याची. हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी आत्याने तोडगा काढला, "आडाकडून सुरू कर आणि गोठ्याकडं संपव." गावातल्या माणसाला याहून पक्की दिशा देता येत नाही. अडचण एवढीच होती की पॅनोरमात आड थोडा वाकडा आला होता आणि गोठा आलाच नव्हता.

ठिकाणाचं काम फोनवर सोपवलं, तर फोनने पर्याय दाखवला: औरंगाबाद, बिहार. तिकडेही या नावाचा जिल्हा आहे, हे आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हा कळलं. मग 'आपल्या जिल्ह्याचं नाव लिहा' असं ठरलं आणि नेमका तिथे वाद पेटला, कारण थोरल्या काकांच्या तोंडात अजून औरंगाबाद आहे, पुतण्याच्या आधारवर छत्रपती संभाजीनगर आहे आणि एसटीचा कंडक्टर हल्ली नुसतं "नगर! नगर!" ओरडतो, त्यात आत्या नगरची निघाल्याने ती दोनदा चुकीच्या गाडीत चढली आहे.

मी वहीत पत्त्यांचा हिशोब मांडला. थोरले काका जन्मले तेव्हा हे अंगण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली आणि अंगण भारतात आलं, हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं. १ मे १९६०ला महाराष्ट्रात. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं, आणि पुढच्या वर्षी गंगेपलीकडच्या जिल्ह्याचंही बदललं, त्यामुळे आत्याचा पत्ताही अहिल्यानगर झाला. एवढ्या सगळ्यात अंगण स्वतः तसूभर हललं नाही. उलट थोडं आक्रसलं, कारण धाकट्या काकांनी कोपऱ्यात संडास बांधला.

जुने फोटो सांभाळणाऱ्यांची याबाबतीत साधी पद्धत असते. फोटो काढला त्या दिवशी ठिकाणाचं जे नाव असेल ते आधी लिहायचं आणि गरज वाटली तर आजचं नाव पुढे जोडायचं. ही पद्धत सगळ्यांना मान्य झाली, कारण तीत कुणीच चूक ठरत नव्हतं.

इथपर्यंत आत्या गप्प होती. मग ती उठली, माजघरातल्या ट्रंकेतून पुठ्ठ्यावर डकवलेला एक फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या आज्यानं बघा कसं एका ओळीत लिहून ठेवलंय!" हेच अंगण, हाच आड, नऊ माणसं. पाठीमागे काळ्या शाईची एक ओळ. पण ती उर्दूत. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत चालायचं. आजोबा मराठीत बोलायचे, पोथी बाळबोधीत वाचायचे आणि जे काही पक्कं, सरकारी, कायमचं वाटायचं ते उर्दूत लिहायचे. आमच्या जमिनीचे जुने कागदही तसेच आहेत. त्यामुळे आमच्या घरात भांडणं पिढीजात असली तरी ती कशावरून सुरू झाली हे वाचता येणारं कुणी उरलेलं नाही.

ओळीतला आकडा मात्र पुतण्याने इंटरनेटवरचे अंक बघून लावला: १३४८. शाळेत शिकल्याप्रमाणे त्याने तो शक धरला, त्यात ७८ मिळवले आणि जाहीर केलं, "इसवी सन १४२६. आपण बहामनी काळापासून इथे आहोत!" ढाळजेत आनंदाची लाट उसळली. भाचीने सांगितलं की फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ साली, तेव्हा ती लाट ओसरली. मग एकाने हिजरी सन लावून पाहिलं. उत्तर आलं १९२९-३०. हे शक्य वाटत होतं. पण आजीच्या मांडीवर जे तान्हं बाळ आहे ते थोरले काका, हे घरात सगळ्यांना ठाऊक. शाळेच्या दाखल्यावर काकांचं जन्मवर्ष १९३८. तारीख १ जून, पण तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. त्या काळात पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवली नाही की मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. काकांच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. वर्षात एकदोनचा फरक मी धरायला तयार होतो, पण जन्माच्या आठ वर्षं आधी फोटोत बसायला काका काही अवतारी पुरुष नव्हेत.

शेवटी गावातल्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, ओळ एकदा मनात वाचली आणि म्हणाले, "हस्ताक्षर अच्छा है, मगर जल्दी में लिखे." मग मोठ्याने वाचलं, "तीर, १३४८ फसली."

फसली! म्हणजे पिकांवरून धरलेलं, शेतसाऱ्याच्या हिशोबाचं वर्ष. मोगलांनी सुरू केलेली ही कालगणना निजामाच्या राज्यात सगळ्या सरकारी कामात चालायची. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं, खरिपाचं पीक हाती यायच्या सुमाराला, आणि महिन्यांची नावं इराणी: आजूर, दै, बहमन असं करत आठवा महिना तीर, तो मेमध्ये यायचा. फसलीवरून इसवी सन काढायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेला ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१. इथेच लोक फसतात. नुसते ५९० मिळवले की उन्हाळ्यातला फोटो एक वर्ष मागे जातो. १३४८ अधिक ५९१ म्हणजे १९३९. मे १९३९, काका साधारण वर्षाचे, म्हणजे बाळाचं वयही जुळलं. ज्यांच्या घरात निजामी काळातले खासरा-पाहणीचे कागद असतील त्यांनी हा हिशोब ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवायला हरकत नाही.

एक तारीख पक्की लागली आणि पोरांना चव लागली. रात्री माळवदावर अंथरुणं पडली. उन्हाळ्यात तिथेच झोपायचं असतं आणि तिथेच गोष्टी निघतात. पहिली गोष्ट नेहमीची, बळदात पुरलेल्या मोहरांच्या हंड्याची. तिच्यापायी आमच्या तीन पिढ्यांनी भिंती उकरल्या असून आजवर एक हाली पैसा आणि एक विंचू एवढंच सापडलं आहे. दुसरी, रझाकारांच्या धामधुमीत आजोबा कुटुंब घेऊन रातोरात गंगा पोहून पलीकडे गेले ती. ती थोरल्या काकांच्या ताब्यात आहे. मी लहान असताना त्या गोष्टीतली गंगा आडापासून चिंचेपर्यंत रुंद होती. आता ती समुद्र झाली आहे. आजोबांच्या पाठीवर आत्या, दातांत कट्यार, डोक्यावर धान्याचं गाठोडं, मागे गोळ्यांचा आवाज आणि पलीकडे इंग्रजांची हद्द.

"काका, महिना कोणता?" अंधारातून पुतण्याचा आवाज आला.

"उन्हाळा होता. आंबे पिकले होते. आम्ही पलीकडं गेल्यावर पहिल्यांदा आंबा खाल्ला."

"साल?"

"पोलीस अॅक्शनच्या आधीचा उन्हाळा."

म्हणजे मे १९४८. पुतण्या थांबायला तयार नव्हता. मे १९४८मध्ये पलीकडे इंग्रज कुठून असणार? ते १५ ऑगस्ट १९४७लाच गेले. पलीकडचा काठ तेव्हा स्वतंत्र भारत होता आणि अलीकडचा अजून निजामाचा. तेरा महिने ही गंगा दोन देशांची सीमा होती. काकांनी हे औदार्याने मान्य केलं, "असेल. तवा कुणी पाटी लावली नव्हती."

पण मे महिन्यात गंगेला पोहण्याइतकं पाणी कसं? आज आमच्या गावाशी बाराही महिने पाणी दिसतं, ते नाथसागराच्या फुगवट्याचं. पैठणला जायकवाडीचं धरण झालं त्याचं उद्घाटन १९७६ सालचं. भरल्यावर त्याचं पाणी ५० किलोमीटरहून लांब पसरतं आणि आमच्या बाजूला नदीचं पात्र ओळखू येत नाही. त्याआधी उन्हाळ्यातली गंगा म्हणजे वाळू, कडेने टरबुजांच्या वाड्या आणि मधून एखादी धार. ज्या पोरांनी धरणानंतरचं पाणी पाहिलं त्यांच्यासाठी आजोबांना पोहावंच लागणार, आणि काकांची गोष्टही धरणाबरोबर भरत गेली. जायकवाडी तुडुंब भरली त्या वर्षी गोष्टीत सुसर आल्याचं मला पक्कं आठवतं.

"चालत गेले," आत्या म्हणाली. बराच वेळ ती झोपली आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

"तुला काय ठावं? तू तीन वर्षांची होतीस," काका उसळले.

"हाव, अन् मी खांद्यावर होते. दादांचं धोतर गुडघ्यालासुद्धा भिजलं नव्हतं. तू रडू लागला होतास म्हणून तुला आईनं ओढत नेलं. दहा वर्षांचा घोडा!"

यानंतर माळवदावर बराच वेळ कुणीही काही विचारलं नाही. फोटोखालच्या ओळीला तारीख लागते आणि गोष्टीला ती सोसत नाही, हे काकांनी आमच्या आधी ओळखलं असावं. सकाळी उठल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पोरांना लांब नेऊन तीच गोष्ट पुन्हा सांगितली, महिना बदलून. आता आजोबा भाद्रपदात गंगा पार करतात. १९४८चा भाद्रपद सप्टेंबरातच होता, नदीला पूर असणार, रझाकारांचा जोर तेव्हाच होता. एकही तारीख आडवी येत नाही. फक्त आंब्याच्या जागी सीताफळ आलं आहे.

दुपारी ओळ लिहायला बसलो तेव्हा गुरुजींनी जुन्या फोटोमागची उरलेली नावं वाचून दाखवली. सात नावं. पुरुष, पोरं आणि मांडीवरचे काकासुद्धा, सगळे क्रमाने. नावांच्या शेवटी एक शब्द: "वगैरह." फोटोत माणसं नऊ. वगैरे दोन, दोन्ही बायका.

"माझ्या आईला वगैरे केलं त्यांनी!" आत्या म्हणाली, आणि आजोबांविषयी तिचं सकाळपर्यंतचं मत दुपारी पुष्कळ खाली आलं. दोघींपैकी बसलेली माझी आजी. दुसरी, डावीकडून तिसरी, उभी, ती कोण हे आत्यालाही सांगता येईना. काका तर तेव्हा मांडीवर होते. कुणी म्हणालं आजोबांची बहीण, कुणी म्हणालं शेजारीण, मोट चालवणाऱ्या गड्याची बायको असंही एक मत पडलं. ते सांगू शकणारी माणसं कधीच गेली.

मग आमची ओळ झटक्यात झाली. गाव, तालुका, छत्रपती संभाजीनगर जिल्हा, महिना, साल. मागे उभे, बाजेवर, खाली, बघणाऱ्याच्या डावीकडून, बायकांची स्वतःची नावं, लहान पोरांची पाळण्यातली, घरातली टोपणनावं कंसात. शेवटी एक टीप: 'दोन्ही टोकांचा मुलगा एकच आहे.' वहिनी म्हणाल्या की हे फारच लांब झालं, कुणी वाचणार नाही. बरोबर आहे, आज कुणी वाचणार नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की त्यात दडलेली तारीख आणि ठिकाण गळून जातं, म्हणून तो डॉक्युमेंट करून पाठवला आणि एक प्रत छापून घेतली. मागे मऊ पेन्सिलने लिहिलं, कारण बॉलपेनचा दाब चेहऱ्यांवर उमटतो.

राहिली ती डावीकडून तिसरी. १९३९च्या मे महिन्यात काढलेल्या या फोटोच्या प्रती आजोबांनी सोयऱ्यांत वाटल्या होत्या, त्या गंगापूर, वैजापूर आणि पलीकडे नेवाशापर्यंत गेल्या असणार. पुठ्ठ्यावर डकवलेला, नऊ माणसांचा, मागे आड असलेला फोटो तुमच्या ट्रंकेत असेल, तर आधी पाठ बघा. तिथेही 'वगैरह'च निघालं, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि संपादकांच्या पत्त्यावर आम्हाला नाव कळवा.